ग्राहक शेवटी कुठे स्थिरावतील? दोनच आकडे पुरतात

समजा, दर महिन्याला अ ब्रँडचे १० टक्के ग्राहक ब कडे जातात आणि ब चे १५ टक्के अ कडे येतात. संक्रमण तक्ता असा होतो: अ ची ओळ ०.९०, ०.१०, ब ची ओळ ०.१५, ०.८५.

वाटा स्थिर होतो तेव्हा जाणारे आणि येणारे ग्राहक सारखेच असतात. म्हणजे अ चा वाटा × ०.१० = ब चा वाटा × ०.१५. म्हणून अ : ब = १५ : १०, अर्थात ६० आणि ४० टक्के. मॅट्रिक्सचे घात काढत बसायची गरजच नाही. गंमत म्हणजे आज कोणाकडे किती ग्राहक आहेत, याने या उत्तराला काहीच फरक पडत नाही.

फरक पडतो तो वेळेत. आज अ कडे ३० टक्के असतील, तर पुढच्या महिन्यात ३० × ०.९० + ७० × ०.१५ = ३७.५. साठपासूनचं अंतर ३० वरून २२.५ झालं. ते दर महिन्याला पाऊणपट होत जातं, कारण १ − ०.१० − ०.१५ = ०.७५.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्तंभांऐवजी ओळी धरून गुणणं. तसं केलं तर ३४ आणि ६४ मिळतात, बेरीज ९८. बेरीज १०० येत नसेल तर तक्ता उलटा वाचलाय.

आणि हो, हे टक्के त्याच ग्राहकांच्या लागोपाठच्या दोन महिन्यांच्या खरेदीवरून काढा. नुसत्या एकूण विक्रीवरून कोण कुठे गेलं ते कळत नाही. मध्येच एकाने मोठी सवलत जाहीर केली, तर तक्ता नव्याने मांडावा लागेल.