बाळाची बातमी आणि बारशाचं आमंत्रण एकाच मेसेजमध्ये: या चुका टाळा

आमच्या नात्यात दर दोन-चार महिन्यांनी एक पाळणा हलतो आणि दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच गोंधळ होतो. मेसेज पाच ओळींचा, पण त्यात बारसं नेमकं कधी हेच कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘येत्या रविवारी’ या दोन शब्दांनी. माझ्या मावसभावाला बुधवारी, १४ जानेवारीला मुलगी झाली. शुक्रवारी रात्री त्याने मेसेज टाकला, “कन्यारत्न झाले. येत्या रविवारी बारसं, सर्वांनी यावे.” त्याच्या मनात २५ तारीख होती. वाचणाऱ्याला येता रविवार म्हणजे १८. त्याचे एक काका-काकू अंगडं-टोपडं आणि चांदीचा वाळा घेऊन १८ लाच दारात हजर! बाळंतीण आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आलेली, घरात अजून सोयर, स्वयंपाकाचा पत्ता नाही. काकू काही बोलल्या नाहीत, पण वाळा पिशवीतून बाहेर आला नाही.

मग भावाने घाईघाईने दुसरा मेसेज टाकला: “बारसं २६ जानेवारीला.” का, तर बारावा दिवस पुन्हा मोजताना त्याने १४ मध्ये १२ मिळवले! बाराव्या दिवशी बारसं करायचं तर जन्माचा दिवस पहिला धरतात, म्हणजे तारखेत ११ मिळवायचे. १४ तारखेचा बारावा दिवस २५, आणि बुधवारी जन्मलेल्या बाळाचा बारावा दिवस रविवारीच येतो. २६ ला सुट्टी, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. आजीने बोटांवर मोजलं तेव्हा चूक सापडली. तोवर हा मेसेज चार ग्रुपांत फिरला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दुरुस्त करायला १५ मिनिटं मिळतात आणि दुरुस्ती फक्त तुमच्या मेसेजमध्ये होते. पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात.

म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा. एक चुकलं तर दुसरं चुगली करतं. ‘आज पहाटे’, ‘परवा’ हे शब्द तर नकोतच. जन्माचीही तारीख लिहा, भाऊबंदांना सोयर मोजायला लागते. कुणाकडे मुलाचं तेराव्या दिवशी करतात, कुणी सव्वा महिन्यानंतर. ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा, इंटरनेटला विचारून नाही.

दुसरी चूक घाईची. लेबर रूमच्या बाहेर उभं राहून आमंत्रण लिहिणाऱ्यांना मला काही समजवता येत नाही. सिझेरियन असेल तर आई चार-पाच दिवस दवाखान्यात असते, बाळाला कावीळ निघाली तर मुक्काम वाढतो. बातमी जवळच्यांना त्याच दिवशी फोनवर सांगा. बातमी-आमंत्रणाचा मेसेज दोघं घरी आल्यावर टाका. आणि ग्रुपवर टाकण्याआधी बाळाच्या आत्याला फोन झालेला असू दे. जिने कानात नाव सांगायचं, तिला बारशाची तारीख ग्रुपवर कळली तर त्या रुसव्याला औषध नाही.

नाव मेसेजमध्ये फोडू नका. मग आत्याने कानात कुर्र करायचं तरी कशासाठी?

फुलाफुलांचं कार्ड करणाऱ्यांनो, चित्रातला पत्ता सहज कॉपी होत नाही आणि सोनेरी अक्षरं आजोबांना दिसत नाहीत. कार्ड हौसेने करा, पण खाली साधा मजकूरही टाका. ‘आमच्या राहत्या घरी’ एवढंच लिहू नका: बारसं बहुतेकदा आईच्या माहेरी असतं आणि सासरचे निम्मे लोक तिथे कधी गेलेले नसतात. जेवण आहे की नुसता चहा-फराळ तेही सांगा. वजन किती, नाक कुणावर, हे भेटीत बोलायला ठेवा.

शेवटी भावाच्या नावाने मीच हा मेसेज लिहून दिला:

“बुधवार, १४ जानेवारीला सकाळी आमच्याकडे मुलगी झाली. मायलेकी दोघी छान आहेत. बारसं रविवार, २५ जानेवारीला तिच्या आजोळी, सांगलीला. पाळणा संध्याकाळी साडेपाचला, मग सगळ्यांनी जेवूनच जायचं. नाव आत्याने फोडून ठेवलेलं नाही, ऐकायला यावंच लागेल! – आई-बाबा आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. (आधीची तारीख चुकली होती, हीच धरावी.)”

खाली पूर्ण पत्ता, लोकेशन आणि मामाचा फोन नंबर. आईचा नंबर देऊ नका, ती झोपलेली असते. आदल्या दिवशी आठवण करायची तर हाच मेसेज पुन्हा टाका, नवा लिहायला बसू नका.