संचालक तीनच ओळी वाचणार असतील, तर एक्झिक्युटिव्ह समरी नव्याने कशी लिहावी

कामात बुडालेले संचालक समरीच्या पहिल्या तीन ओळी वाचतात आणि तेवढ्यावरच 'हो', 'नाही' किंवा 'नंतर बघू' ठरवतात. म्हणून त्या तीन ओळींवर निर्णय घेतला तरी तो चुकीचा ठरू नये, अशी त्यांची रचना हवी. छापील ए-४ पानावर तीन ओळी म्हणजे साधारण ३५ ते ४५ शब्द. एवढ्याच जागेत सगळे बसवायचे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोदामातून ऑर्डर उशिरा जातात, त्याबद्दलचा अहवाल आहे. त्याच्या समरीची सुरुवात अशी:

"गेल्या काही वर्षांत आपल्या वितरण विभागाचा मोठा विस्तार झाला आहे. या पार्श्वभूमीवर जानेवारी ते मार्चदरम्यान गोदामातील कामकाजाचा सखोल अभ्यास करण्यात आला. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या मुलाखती व नोंदींची तपासणी करण्यात आली."

यात खोटे काहीच नाही, पण संचालकांना ठाऊक नव्हते असेही काही नाही. अभ्यास ज्या क्रमाने झाला, त्याच क्रमाने समरी लिहिली गेली आहे. वाचणाऱ्याला हवा असतो उलटा क्रम.

आधी शेवटचे पान उघडा. शिफारस बहुधा तिथेच दडलेली असते. ती एका वाक्यात लिहा: काय हवे, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्चात. हे वाक्य जमत नसेल तर दोष भाषेचा नाही. अहवालाचा निष्कर्षच अजून ठरलेला नाही, तेव्हा आधी तो ठरवा. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही मागणी होत नाही, कारण त्यावर सही कशासाठी करायची तेच कळत नाही.

मग एकच पुरावा निवडा. अहवालात वीस आकडे असतील. त्यांतला असा घ्या, जो आजची स्थिती आणि बदलानंतरची स्थिती शेजारीशेजारी ठेवतो. नुसते '१८ टक्के उशीर' म्हटले तर ते फार की थोडे, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

तिसरी ओळ अडचणीसाठी राखा. बहुतेक जण इथे फायदे वाढवतात आणि मर्यादा चौथ्या पानावर ढकलतात. माझ्या मते ही सर्वांत घातक चूक आहे. जी गोष्ट कळल्यावर निर्णय बदलू शकतो, ती वरच हवी. निवडायची कशी? प्रत्येक धोक्यापुढे विचारा, 'हे नंतर कळले तर संचालक म्हणतील का, की आधी का नाही सांगितले?' उत्तर 'हो' असेल तो धोका वर. असे दोन-तीन निघाले, तर शिफारशीचाच फेरविचार करा.

आता तोच अहवाल:

"सायंकाळच्या पाळीसाठी दुसरी पॅकिंग लाइन उभारायला ३० जूनपर्यंत मंजुरी हवी, खर्च वार्षिक अंदाजपत्रकाच्या ८ टक्के. आज १०० पैकी १८ ऑर्डर उशिरा जातात. दोन आठवड्यांच्या चाचणीत हा आकडा ७ वर आला. मागणी २० टक्क्यांहून जास्त वाढली तर ही लाइन पुरणार नाही."

३० जूनच का, याचे कारण चौथ्या ओळीत: उभारणीला तीन महिने लागतात आणि हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. नाकारलेले पर्याय त्यानंतर, प्रत्येकी एका वाक्यात. अभ्यासाची पद्धत अगदी शेवटी. ती काढून टाकू नका, कारण आकड्यावर शंका आली तर संचालक तीच शोधतील.

काही अहवालांत मंजुरी मागायचीच नसते. तेव्हा पहिल्याच ओळीत 'फक्त माहितीसाठी' असे लिहा आणि काय बदलले ते सांगा. नाहीतर आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे शोधण्यातच त्यांचा वेळ जातो.

पाठवण्याआधी तपासा. अहवाल न वाचलेल्या सहकाऱ्याला त्या तीन ओळी दाखवा, कागद परत घ्या आणि विचारा: काय मागितले आहे, कधीपर्यंत, आणि गोम कुठे आहे? एकाही प्रश्नाला तो अडखळला तर ती ओळ पुन्हा लिहा. बऱ्याचदा अडते ते संक्षेपांवर किंवा विभागातल्या खास शब्दांवर.

समरी ईमेलने जाणार असेल तर ती नुसती जोडपत्रात ठेवू नका. तीन ओळी मजकुरातच टाका आणि 'सोबत अहवाल जोडत आहे' हे वाक्य त्यांच्या खाली घ्या. फोनवर सुरुवातीचाच थोडा मजकूर दिसतो. विषयाच्या जागी 'गोदाम अहवाल' ऐवजी 'मंजुरी हवी: दुसरी पॅकिंग लाइन, ३० जूनपर्यंत' असे लिहा. शेवटी तीन ओळींतला प्रत्येक आकडा आतल्या तक्त्याशी जुळवून पाहा. मसुदा बदलत जातो तसे तक्ते सुधारले जातात, पण समरीत जुनाच आकडा राहून जातो.