माल नाकारायचाय? मग आधी कात्री खाली ठेवा

150 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅम भरणारं कापड ठरलं होतं. 40 तागे आले, चलनावर सही झाली. दुसऱ्या दिवशी एका ताग्यातून 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवला, तर वजन भरलं 1.2 ग्रॅम. म्हणजे कापड 120 जीएसएमचंच.

इथं बरेच जण उगाच घाबरतात, 'सही तर देऊन बसलो!' पण सही म्हणजे माल पोचल्याची पावती. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 41 प्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासायची रास्त संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. तरी सही करताना 'तपासणी बाकी' एवढं लिहावं, पुढचा वाद वाचतो. चाचणीपुरता तुकडा कापल्यानंही हक्क जात नाही.

हक्क जातो तो पुढच्या चुकीनं. ऑर्डर अंगावर आलेली असते, म्हणून 'तक्रार नंतर करू, तोवर 12 तागे कापून घ्या' असं मास्तरांना सांगितलं जातं. माल अजून विक्रेत्याचाच आहे असं मानणारा माणूस त्यावर कात्री चालवणार नाही, आणि कलम 42 नेमकं हेच बघतं: अशी कृती केली की माल स्वीकारला. बरं, गेले 12 तर उरलेले 28 परत करू, असंही सहसा जमत नाही. करार सगळ्या मालाचा मिळून एकच असेल, तर थोडा माल स्वीकारल्यावर बाकीचा नाकारता येत नाही. करारात वेगळं ठरलं असेल तरच. मग हाती उरते ती किमतीतली कपात किंवा नुकसानभरपाई. 120 जीएसएमचे तागे तुमचेच.

दुसरी चूक गप्प बसण्याची. रास्त मुदतीत नकार कळवला नाही, तरी माल स्वीकारला असंच धरतात. 'रास्त मुदत' किती दिवसांची हे कायदा सांगत नाही, ते मालावर आणि व्यवहारावर ठरतं. भाजीला तास, यंत्राला आठवडे. करारात सात दिवस लिहिले असतील तर सातच धरून चला.

आणि कळवताना गुळमुळीत लिहू नका. 'कापड जरा हलकं वाटतंय, बघा ना' ही कुरकुर झाली, नकार नव्हे. असं लिहा: 'अमुक चलनाचे 40 तागे 150 ऐवजी 120 जीएसएमचे निघाले. सगळा माल नाकारत आहे. घेऊन जा.' सोबत काट्याचा फोटो आणि तारीख.

टेम्पो करून माल परत धाडायची घाई मात्र नको. वेगळं ठरलं नसेल तर कलम 43 प्रमाणे नकार कळवला की पुरे, परत पोचवणं तुमच्यावर नाही. तागे वेगळे रचून झाकून ठेवा आणि मास्तरांनाही सांगून ठेवा.