शेल्फवरील नव्या पाकिटाचे चित्र : या चुका टाळा

नवे पाकीट बाजारात आणण्यापूर्वी ते सुपरमार्केटच्या फळीवर इतर कंपन्यांच्या मालात कसे दिसेल, याचे संगणकावर चित्र करून ग्राहकाला दाखवण्याची पद्धत आता लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या छोट्या डिझाइन स्टुडिओंतही रुळली आहे. या चित्राचा खरा उपयोग पाकीट गर्दीत ओळखू येते की नाही हे छपाईचा खर्च होण्याआधी पाहण्यासाठी असतो. प्रत्यक्षात मात्र बहुतेक चित्रे ग्राहकाला खूश करण्यासाठी केली जातात, आणि त्यातच पुढच्या चुकांचे मूळ असते. मी स्वतः केलेली चूक उदाहरणासाठी घेतो, कारण तिची मापे अजून माझ्या वहीत आहेत.

औसा तालुक्यातील एका महिला बचत गटासाठी येसरचे शंभर ग्रॅमचे पाकीट करायचे होते. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला यांचे हे पीठ आमटीसाठी आपल्याकडे घरोघरी लागते. मराठवाड्याच्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. पाकीट उभे राहणारे पाऊच, रुंदी 11 सेंमी, उंची 16 सेंमी, रंग गडद तांबडा. मी केलेल्या चित्रात वरच्या फळीवर आमची आठ पाऊच ओळीने उभी होती आणि कडेला इतर मसाल्यांचे तीन डबे होते. गटाच्या अध्यक्ष ताईंनी ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "भाऊ, येवढी जागा आम्हाला कोण देणार हाय?"

त्यांचा प्रश्न व्यवहाराचा होता, पण चित्र त्याआधी साध्या बेरजेतच फसले होते. सुपरमार्केटच्या रॅकचा एक खण बहुधा 90 सेंमी रुंद असतो. आमची आठ पाऊच म्हणजे 88 सेंमी, आणि प्रत्येकी 6 सेंमी रुंदीचे तीन डबे म्हणजे 18. एकूण 106 सेंमी माल मी 90 सेंमीच्या फळीवर बसवला होता. तो बसला, कारण माऊसने ओढताना मी पाऊच नकळत लहान केले होते. ही चूक ओळखण्याचा उपाय सोपा आहे. चित्रातील पाऊचची रुंदी आणि शेजारच्या डब्याची रुंदी पट्टीने मोजावी आणि त्यांचे गुणोत्तर प्रत्यक्षातल्या 11 : 6 शी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल, तर पुढची कोणतीही सफाई व्यर्थ आहे.

दुसऱ्या दिवशी मी लातूरच्या एका सुपरमार्केटमध्ये व्यवस्थापकांची परवानगी घेऊन टेपने मोजमाप केले. मसाल्यांच्या फळीवर सर्वाधिक खपाच्या कंपनीला सहा फेसिंग होती. समोरून दिसणाऱ्या पहिल्या रांगेत एखाद्या मालाची जितकी पाकिटे शेजारी-शेजारी असतात, तितकी त्याची फेसिंग. त्यांच्या मागे उभा असलेला साठा यात धरत नाहीत. दुसऱ्या कंपनीला तीन फेसिंग होती आणि दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या पाऊचला एक. नव्या, स्थानिक मालाला किती मिळतील असे विचारल्यावर व्यवस्थापकांनी दोन बोटे वर केली. मग नवी बेरीज मांडली : सहा डबे 36 सेंमी, तीन डबे 18, दुकानाचे पाऊच 11, आमची दोन पाऊच 22, एकूण 87 सेंमी. उरलेले 3 सेंमी बारा पाकिटांमधील अकरा फटींत वाटले की प्रत्येक फट अडीच-तीन मिलिमीटरची होते, आणि खऱ्या फळीवर फटी साधारण तेवढ्याच असतात. त्याहून मोठ्या, एकसारख्या फटी ठेवल्या की फळी प्रदर्शनातल्या कपाटासारखी दिसू लागते.

तेथेच आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी टेबलाशी बसून कधीच सुचली नसती. डबे जेमतेम 10 सेंमी उंच असल्यामुळे दुकानदार ते एकावर एक असे दोन थरांत रचतो, तर पाऊचवर पाऊच उभे राहत नाही. म्हणजे प्रमुख कंपनीच्या सहा फेसिंगची प्रत्यक्षात बारा लाल तोंडे दिसतात आणि आमची दोनच. पहिल्या चित्रात आठ पाऊचमुळे जो तांबडा पट्टा डोळ्यांत भरत होता, तो निम्म्याहून अधिक माझ्या उदारपणाचा परिणाम होता. खऱ्या मांडणीत आमचा गडद तांबडा रंग त्या लाल भिंतीत विरघळून गेला.

यानंतर नजरेच्या फळीचा प्रश्न येतो, आणि येथे चित्रकार स्वतःची उंची मापदंड म्हणून वापरतो. माझी उंची 175 सेंमी आहे. फळ्यांचे तळ जमिनीपासून 15, 45, 78, 110 आणि 143 सेंमीवर होते. मी पाऊच 143 च्या फळीवर ठेवले होते, कारण मला ते समोर दिसत होते. येसर विकत घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातील बाई असते आणि भारतीय प्रौढ स्त्रीची सरासरी उंची साधारण 152 सेंमी असते. डोळे त्याखाली दहा-बारा सेंमीवर, म्हणजे सुमारे 140 सेंमीवर येतात. शिवाय माणूस उभ्याने सहज पाहतो तेव्हा नजर सरळ रेषेत न राहता दहा ते पंधरा अंश खाली झुकते. मीटरभर अंतरावर हा झुकाव 18 ते 27 सेंमी भरतो. त्यामुळे नजर टेकण्याची जागा 113 ते 122 सेंमीच्या पट्ट्यात येते, आणि 110 च्या फळीवर उभ्या 16 सेंमी उंचीच्या पाऊचचा मध्य 118 वर येतो. नजरेची फळी ती होती; मी एक फळी वर गेलो होतो. अर्थात ती फळी नव्या मालाला पहिल्याच दिवशी मिळेलच असे नाही, म्हणून मी आता दोन चित्रे देतो : एक 110 च्या फळीवर, दुसरे 78 च्या. दुसरे चित्र ग्राहकांना आवडत नाही, पण पाकिटाची खरी परीक्षा त्यातच होते.

छायाचित्र घेताना कॅमेराही 140 सेंमीवर आणि पातळीत धरावा. उंच माणसाने फोन डोळ्यांसमोर धरून खाली वाकवला की रॅकच्या उभ्या कडा खाली एकमेकींकडे झुकतात आणि त्यावर समोरून काढलेले सरळ पाकीट चिकटवले की ते हवेत तरंगते. फोनची नेहमीची रुंद लेन्स कडेचे डबे ताणून रुंद करते, म्हणून दुप्पट झूमची लेन्स घेऊन मागे सरकणे बरे. मात्र सव्वा मीटरच्या वाटेत मागे सरकायला जागा नसते आणि त्या लेन्सने आडव्या फोटोत एक खणसुद्धा पुरता मावत नाही. अशा वेळी वाटेच्या तोंडाशी, समोर मोकळी जागा असलेला रॅक निवडावा.

चिकटवण्यातील चुका बऱ्याच असतात, पण सर्वाधिक फसवणारी चूक म्हणजे एकच पाकीट हुबेहूब छापून ठेवणे. कॅमेऱ्याच्या डावीकडील डब्याची उजवी बाजू आणि उजवीकडील डब्याची डावी बाजू किंचित दिसते. खालच्या फळीवरील डब्यांचे माथे दिसतात, तर डोळ्याच्या पातळीवरील फळी केवळ एक रेघ वाटते. पाऊच तर कधीच दोन सारखी नसतात. एक थोडे मागे रेललेले, दुसऱ्याच्या कोपऱ्याला सुरकुती, चकाकी वेगळ्या ठिकाणी. आमच्या दोन पाऊचसाठी मी दोन वेगळे फोटो काढले. आठ केली असती तर तेवढे कष्ट मी घेतलेच नसते, हेही कबूल करतो. वरच्या फळीची सावली पाकिटांच्या माथ्यावर उतरते आणि तळाशी फळीला टेकल्याची बारीक, गडद रेघ असते; दोन्ही सावल्यांचे लेयर `Multiply` वर ठेवावेत आणि माथ्याची सावली शेजारच्या खऱ्या डब्यांवर जिथे संपते तिथेच संपवावी.

चित्र तयार झाल्यावर ते कोणत्या आकारात पाहायचे, याचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. दीड मीटरवरून 11 सेंमीचे पाऊच डोळ्याला जेवढे दिसते, तेवढे ते अर्ध्या मीटरवरच्या स्क्रीनवर दिसण्यासाठी तेथे त्याची रुंदी 3.7 सेंमी हवी. माझ्या चित्रात दीड मीटर रुंदीचा रॅक होता आणि लॅपटॉपच्या पूर्ण पडद्यावर पाऊच अडीच सेंमीचे येत होते, म्हणजे मी ते दोन मीटरहून लांबून पाहत होतो. उलट ग्राहक चित्र बोटांनी मोठे करून पाऊचवर नेतो आणि अक्षरे सुरेख वाचता येतात म्हणून समाधानी होतो. पट्टी स्क्रीनला लावून 3.7 सेंमी जुळवावेत आणि मग चित्र एखाद्या नवख्या माणसाला दोन-तीन सेकंद दाखवून काय दिसले ते विचारावे. आमच्या पहिल्या रंगसंगतीत विचारलेल्यांपैकी कोणीही येसरचे नाव घेतले नाही. सर्वांना "मसाले" दिसले.

त्यावरून पाऊचचा वरचा तिसरा हिस्सा ज्वारीच्या भाकरीसारख्या फिकट रंगाचा केला आणि "येसर" हा शब्द त्या पट्ट्यात ठळक काळ्या अक्षरांत बसवला. शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन ही कायद्याने लागणारी माहिती पाकिटावर जागच्या जागी राहिली. शेल्फच्या चित्रात ती वाचता येत नाही, आणि ती वाचता यावी म्हणून चित्रात मोठी करणे हीसुद्धा खोटेपणाचीच एक तऱ्हा आहे. स्पर्धकांचे डबे स्टुडिओतल्या परीक्षेसाठी खरे ठेवले, पण ताईंना बाहेर दाखवण्यासाठी दिलेल्या प्रतीत त्यांचा आकार आणि रंग तेवढा कायम ठेवून नावे काल्पनिक टाकली. दुसऱ्याचे बोधचिन्ह आपल्या जाहिरातीत नेण्याची आपल्याला काही गरज नव्हती.

शेवटी व्यवस्थापकांनी घटकाभर परवानगी दिली तेव्हा दोन नमुना पाऊच भरून 110 च्या फळीवर ठेवली आणि कॅमेरा 140 सेंमीवर धरून फोटो काढला. रंग आणि अक्षरे चित्राप्रमाणेच दिसली. फरक एकच निघाला : पीठ तळाशी बसल्यामुळे पाऊचचा वरचा भाग रिकामा राहून सेंमीभर पुढे वाकला होता आणि फिकट पट्टीवर वरच्या फळीची सावली आणखी खाली उतरत होती. "येसर" हा शब्द त्यानंतर दीड सेंमी खाली घेतला.