रूपांतर दर 3% वरून 3.5%: खरी वाढ की नुसता चढउतार?

इंदूरच्या शेव-नमकीनच्या ऑनलाइन दुकानाचे आकडे: मागच्या आठवड्यात 4000 ग्राहक, 120 ऑर्डरी, या आठवड्यात दुकानाचं नवं पान लावल्यावर 4200 आणि 147. म्हणजे ऑर्डर देणाऱ्यांचं प्रमाण, रूपांतर दर, 3% वरून 3.5%. रिपोर्टमध्ये ‘वाढ’ लिहिण्याआधी मी दोन्ही आठवडे एकत्र केले: 267 भागिले 8200, म्हणजे p = 0.0326. मग प्रमाण त्रुटी काढली, म्हणजे नुसत्या योगायोगाने हा फरक साधारण किती हलू शकतो ते:

```
=SQRT(0.0326*(1-0.0326)*(1/4000+1/4200))
```

उत्तर सुमारे 0.0039. फरक 0.005, म्हणजे त्रुटीच्या जेमतेम 1.3 पट, 95% खात्रीसाठी लागणाऱ्या 1.96 पटीच्या पुढे गेला असता तर गोष्ट वेगळी. म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलं: ‘फरक -0.3 ते +1.3 टक्के-बिंदू, वाढ सिद्ध नाही.’

मात्र मोजायची माणसं, भेटी नव्हेत. एकच गिऱ्हाईक चारदा डोकावलं की त्रुटी उगाच लहान दिसते. आणि रंगपंचमीचा आठवडा असेल, तर 1.96 ओलांडूनही श्रेय नव्या पानाला देता येत नाही.