बारा आकड्यांच्या पट्टीवरून व्होल्टेज डिव्हायडर कसा निवडावा

नव्याने इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना मी पहिला खरा सर्किट म्हणून बॅटरी मोजणारा डिव्हायडर करायला देतो. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आणि ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर एवढंच साहित्य असतं. बॅटरीचं व्होल्टेज थेट पिनला दिलं तर पिन जळते, म्हणून दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे आणि त्यांच्या मधल्या बिंदूवरून कमी झालेलं व्होल्टेज घ्यायचं. सूत्र सगळ्यांना लगेच पाठ होतं:

```
मधलं व्होल्टेज = बॅटरी × खालचा ÷ (वरचा + खालचा)
```

वरचा म्हणजे बॅटरीच्या प्लसकडचा, खालचा म्हणजे ग्राउंडकडचा. अडचण यायला लागते ती इथून पुढे. गणितातून आलेली किंमत डब्यात नसते, आणि डब्यातल्या रेझिस्टरवर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते.

आधी गणित करू. चार्जिंग चालू असताना ही बॅटरी १४.४ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणून मी कमाल १५ व्होल्ट धरतो. १५ चे ३.३ करायचे तर वरचा रेझिस्टर खालच्याच्या ३.५५ पट हवा (१५ भागिले ३.३ म्हणजे ४.५५, त्यातून एक वजा). हे गुणोत्तर किमान आहे. वरचा याहून थोडा मोठा असला तर पिनला थोडं कमी व्होल्टेज मिळेल, त्याने काही बिघडत नाही. लहान असला तर मात्र मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून निवड नेहमी एकाच बाजूला, म्हणजे ३.५५ च्या वर करायची.

आता खालचा १ किलोओहम घेतला तर वरचा ३.५५ किलोओहम हवा, आणि नवशिका डब्यात ३.५५ शोधत बसतो. साध्या डब्यात तो मिळणार नाही. रेझिस्टर ठरावीक किमतींतच बनतात आणि शिकताना हाताशी असतात ते बहुधा ई-१२ मालिकेतले:

१०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२

यापुढे १००, १२०, १५० असं तेच चक्र दहापटीने फिरतं. आकडे विचित्र वाटतात, पण प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.२१ पट आहे. बारा पायऱ्या चढलं की बरोबर दहापट होते. ही मालिका १० टक्के टॉलरन्ससाठी, म्हणजे खरी किंमत लिहिलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते असं धरून, आखलेली आहे. १० वाला जास्तीत जास्त ११ असू शकतो, १२ वाला कमीत कमी १०.८, म्हणजे मध्ये फट राहत नाही.

डिव्हायडरसाठी या मालिकेचा एक गुण फार कामाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. पायऱ्या गुणाकाराच्या असल्यामुळे कोणत्याही दोन किमतींचं गुणोत्तर त्यांच्यात किती पायऱ्या आहेत यावरच ठरतं. आपल्याला ३.५५ पट हवं आहे. १० पासून मोजायला लागलं की ३५.५ हा आकडा ३३ आणि ३९ यांच्या मध्ये येतो. ३३ सहाव्या पायरीवर आहे, ३९ सातव्या. आपल्याला वरच्या बाजूलाच राहायचं आहे, म्हणजे सात पायऱ्या. झालं, शोध इथेच आटोपला. पट्टीवर सात पायऱ्यांचं अंतर ठेवून दोन बोटं सरकवत न्यायची आणि मिळतील त्या जोड्या बघायच्या.

आकडे पूर्णांकात बसवलेले असल्याने या जोड्यांचं गुणोत्तर तंतोतंत सारखं येत नाही, आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. १० आणि ३९ ची जोडी ३.९ देते, १५ आणि ५६ ची ३.७३, २७ आणि १०० ची ३.७०, ३३ आणि १२० ची ३.६४. सगळ्यात टोकाला ८२ आणि ३३० येते, ४.०२ वर. एकूण बारा जोड्या आहेत आणि सगळ्या ३.५५ च्या वरच आहेत. कागदावर पाच मिनिटांत पूर्ण यादी होते, ती एकदा स्वतःच्या हाताने करावीच.

यात ३.५५ च्या सर्वांत जवळची जोडी ३३ आणि १२०, म्हणजे खाली ३.३ किलोओहम आणि वर १२ किलोओहम. बहुतेक जण इथे थांबतात. पण टॉलरन्स धरून बघा. रेझिस्टर १ टक्क्याचे असतील आणि नेमका वरचा १ टक्क्याने कमी, खालचा १ टक्क्याने जास्त निघाला, तर १५ व्होल्टला पिनवर ३.२९ व्होल्ट येतात. मर्यादेच्या आत आहे, पण अगदी कडेला. मायक्रोकंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा ३.३ ऐवजी ३.२५ निघाला की एडीसी, म्हणजे त्याचा व्होल्टेज मोजणारा भाग, वरच्या टोकाला अडकणार आणि त्यापुढची वाढ दिसणारच नाही. म्हणून मी २७ आणि १०० ही जोडी घेतो. खाली २.७ किलोओहम, वर १० किलोओहम. त्यात सर्वांत वाईट स्थितीतही ३.२४ व्होल्टच होतात.

५ टक्क्यांचे रेझिस्टर असतील तर हीच जोडी ३.४५ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. मग गुणोत्तर ३.९२ च्या वर लागतं आणि ६.८ व २७ किलोओहमची जोडी घ्यावी लागते. टॉलरन्सचा पट्टा म्हणूनच वाचायचा असतो. तो बघितल्याशिवाय जोडी ठरवताच येत नाही.

आता पट्ट्यांकडे. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन आकडे, तिसरा पुढे किती शून्यं ते सांगतो, चौथा टॉलरन्स. सोनेरी म्हणजे ५ टक्के. सोनेरीला आकडा नसल्यामुळे तो कधीच पहिला येऊ शकत नाही, म्हणून चार पट्ट्यांचा रेझिस्टर कुठून वाचायचा हा प्रश्न उरत नाही. ६.८ किलोओहम म्हणजे निळा, करडा, लाल, सोनेरी.

१ टक्क्याच्या रेझिस्टरवर मात्र पाच पट्टे असतात. तीन आकडे, मग शून्यं, मग टॉलरन्स, आणि १ टक्क्याचा रंग तपकिरी. तपकिरी हा आकडाही आहे, त्यामुळे तो सुरुवातीलाही असू शकतो आणि शेवटीही. टॉलरन्सचा पट्टा जरा लांब किंवा रुंद असतो असं सांगतात, पण लहान रेझिस्टरवर तो फरक दिसेलच असं नाही.

आपले दोन्ही रेझिस्टर उलटे वाचून बघू. २.७ किलोओहम म्हणजे लाल, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी. उलटा वाचला तर तपकिरी, तपकिरी, काळा, जांभळा, लाल, म्हणजे ११० वर सात शून्यं, १.१ गिगाओहम. अशा डब्यात असा रेझिस्टर असणं शक्य नाही, म्हणजे दिशा चुकली हे वाचतावाचताच कळतं.

१० किलोओहमचे पट्टे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. हे उलटे वाचले तर तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी, म्हणजे १२० ओहम, १ टक्का. दोन्ही किमती ई-१२ मध्ये आहेत, दोन्ही रोजच्या वापरातल्या आहेत, दोन्हीचं टॉलरन्स बरोबर दिसतं. रंगांवरून हा निकाल लागत नाही. आणि १० च्या जागी १२० ओहमचा लागला तर १५ व्होल्टपैकी १४.४ व्होल्ट पिनवर येतात. १ किलोओहमचंही तसंच, उलटा वाचला की तो ११० ओहम होतो. (१२ किलोओहम मात्र दोन्हीकडून सारखाच वाचला जातो, तपकिरी, लाल, काळा, लाल, तपकिरी. मला तो त्यासाठी आवडतो.)

म्हणून माझा नियम असा, की तपकिरीने सुरू होऊन तपकिरीने संपणारा प्रत्येक रेझिस्टर सर्किटमध्ये लावण्याआधी मल्टिमीटरने मोजायचा. मोजताना दोन्ही टोकांना बोटं लावू नयेत, मोठ्या किमतींना शरीराचा रेझिस्टन्स समांतर लागून आकडा कमी दिसतो. सर्किटमध्ये लावलेला रेझिस्टरही मोजू नये, कारण बाकीच्या वाटांमुळे तिथेही आकडा बहुधा कमीच येतो.

रंग ओळखताना पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी एकमेकांत मिसळतात, निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर तर जास्तच. इथे मालिका मदतीला येते. चार पट्ट्यांवर ३२ वाचलं तर तो आकडा ई-१२ मध्येही नाही आणि दुप्पट बारीक ई-२४ मध्येही नाही, म्हणजे तो ३३ किंवा २२ असणार. पुन्हा चांगल्या उजेडात बघायचं.

जोडणी झाली की मायक्रोकंट्रोलर लांबच ठेवा आणि फक्त डिव्हायडर बॅटरीला लावून मधला बिंदू मोजा. बॅटरी १२.६ व्होल्ट असेल तर २.६४ ते २.७२ च्या मध्ये आकडा यायला हवा. चुकलं असेल तर आकडाच काय चुकलं ते सांगतो. ९.९ आले तर वरचा आणि खालचा यांची अदलाबदल झाली आहे. १२.१ च्या जवळ आले तर वर १२० ओहमचा लागला आहे. पूर्ण १२.६ आले तर खालचा ग्राउंडला पोचलेलाच नाही, ब्रेडबोर्डवर हे फार वेळा होतं. शून्य आलं तर वरची बाजू सुटली आहे.

किमतींचा आवाका ठरवताना दोन बाजूंनी ओढ असते. १० आणि २.७ किलोओहम बॅटरीतून सतत ०.९४ मिलिअँपिअर घेतात. ७ अँपिअर-तासाची बॅटरी एवढ्यानेच सुमारे दहा महिन्यांत रिकामी होईल. दहापट मोठे, म्हणजे १०० आणि २७ किलोओहम घेतले तर हा प्रवाह दहावा हिस्सा होतो, गुणोत्तर तेच राहतं. पण मग एडीसीला मधला बिंदू २१ किलोओहममागून दिसतो, दोन्ही रेझिस्टर समांतर धरले की एवढे येतात, आणि अनेक मायक्रोकंट्रोलरना १० किलोओहमपेक्षा कमी हवं असतं, नाहीतर आकडे कमी किंवा डळमळीत येतात. मधल्या बिंदूवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की बॅटरीसारख्या हळू बदलणाऱ्या व्होल्टेजसाठी ही अडचण मिटते. आणखी दहापट वाढवून १ मेगाओहम आणि २७० किलोओहम केलं तर १० मेगाओहमचा मल्टिमीटरसुद्धा मधलं व्होल्टेज दोन टक्क्यांनी खाली ओढतो, आणि मग सर्किट बरोबर असूनही चूक दिसते.

शेवटचा आकडा प्रोग्राममध्ये भरायचा असतो, पिनवरच्या व्होल्टेजला त्याने गुणलं की बॅटरीचं व्होल्टेज मिळतं. कागदावरून तो १२.७ भागिले २.७, म्हणजे ४.७०४ येतो. पण तुमच्या हातातल्या दोन रेझिस्टरचा खरा आकडा त्याहून थोडा वेगळा असणार. बॅटरी आणि मधला बिंदू एकाच मल्टिमीटरने लागोपाठ मोजा, भागाकार करा आणि ४.७०४ च्या जागी तो भरा.