काजू ड्रायरचं बिल : मशीनच्या किमतीत काय धरायचं आणि काय नाही?

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात ड्रायर बसवला, असं समजा. मशीनची किंमत 6,00,000, त्यावर सूट 20,000. त्याखाली वाहतूक, क्रेन, पाया, वायरिंग, चाचणी, प्रशिक्षण, वर्षभराचा देखभाल करार अशा ओळी. बरेच जण बिलाचा शेवटचा आकडा तसाच 'मशिनरी' खात्यात टाकतात. तिथेच चूक होते.

आधी बिलाची एकेक ओळ सुटी करा. एकच गोळा रक्कम लिहिली असेल तर पुरवठादाराकडून फोड मागून घ्या. मग प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: मशीन जागेवर आणून चालू होण्याजोगं करायला हा खर्च लागलाच असता का?

सूट वजा करून किंमत 5,80,000 उरते. कोल्हापूरहून आंबोली घाटाने आणण्याचं भाडं आणि विमा 18,000, क्रेन 7,000, काँक्रीटचा पाया 42,000, जोडणी व वायरिंग 25,000. हे सगळं किमतीत येतं.

चाचणी जरा जपून धरा. चाचणीत 9,000 रुपयांचा काजू आणि वीज खर्च झाली, पण निघालेला तुकडा 4,000 ला विकला गेला. म्हणून 5,000 च धरायचे. विक्रीचे 4,000 उत्पन्नात दाखवून पूर्ण 9,000 मशीनवर चढवले, तर किंमत फुगते.

एकूण किंमत 6,77,000.

आता बाहेर राहणाऱ्या ओळी. कामगारांच्या प्रशिक्षणाचे 12,000 खर्चात जातात, कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो, ते कौशल्य कारखान्याच्या ताब्यात नसतं. देखभाल कराराचे 15,000 मुदतीनुसार खर्चात घ्या. उतरवताना दार वाकलं, दुरुस्तीला 8,000 गेले, तर तेही खर्चातच. निष्काळजीपणामुळे मशीनची किंमत वाढत नाही. उद्घाटनाचा खर्चही बाहेरच.

मशीन चालण्याजोगं झालं की त्या दिवसापासून किमतीत भर घालणं थांबतं. हंगाम संपल्याने ड्रायर पावसाळाभर बंद राहिला, तरी त्या महिन्यांचा पगार मशीनवर टाकता येत नाही.

जीएसटीचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं. इनपुट क्रेडिट घेणार असाल तर कर किमतीत धरू नका, कारण त्याच करावर घसारा आणि क्रेडिट असं दोन्ही मिळत नाही. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट नाही, मग भरलेला कर किमतीतच जातो. 18 टक्के दराने नुसत्या मशीनवरच 1,04,400 होतात.

पाया घालणाऱ्याला 42,000 एका दिवसात रोख दिले असतील, तर आयकरासाठी ती रक्कम मशीनच्या किमतीतून गळते. तिथे एका माणसाला एका दिवसात 10,000 पर्यंतच रोख चालते. पुस्तकात किंमत 6,77,000 च राहील, पण आयकराचा घसारा 6,35,000 वर मोजावा लागेल. पैसे बँकेतून दिले की हा फरक उरत नाही.